अनोळखी नंबर आणि ‘स्पॅम असू शकतो’ची पट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन वाजतो, पडद्यावर अनोळखी नंबर असतो आणि नावाच्या जागी SUSPECTED SPAM असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही पट्टी लावतं कोण, कशावरून लावतं आणि ती चुकते कुठे, याबद्दल लोक जे पुन्हापुन्हा विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं भारतातल्या मोबाइल सेवेला धरून आहे. अमेरिकेतल्या मुलांना आईचा फोन कसा दिसतो, हा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

## ही पट्टी नेमकी कोण लावतं?

तीन वेगवेगळे जण लावू शकतात, आणि पडद्यावर तिघांचं काम सारखंच दिसतं. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली तुमची मोबाइल कंपनी. कॉल तुमच्या फोनपर्यंत येताना नंबरासोबत नाव दाखवण्यासाठीही एक जागा असते. कंपनी त्या जागेत इशारा लिहून पाठवते. एअरटेलनं ही सोय सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केली. तिच्यासाठी अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि ती मागून घ्यावीही लागत नाही.

दुसरं तुमच्या फोनमधलं डायलर. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते गूगलचं असतं. येणारा नंबर ते गूगलकडच्या माहितीशी ताडून पाहतं आणि संशय आला तर पडदा लाल करतं.

तिसरं तुम्ही स्वतः टाकलेलं अ‍ॅप, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः ट्रूकॉलर.

तिघांची माहिती वेगळी आणि ठरवण्याची रीतही वेगळी. त्यामुळे ‘माझ्या नंबरला स्पॅम का म्हणतात?’ असं कोणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं, ‘कोण म्हणतंय?’

## मला दिसलेली पट्टी या तिघांपैकी कोणाची, हे कसं ओळखायचं?

मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा आणि त्या नंबरावरून पुन्हा कॉल यायची वाट पाहा, किंवा तो नंबर ओळखीच्याचा असेल तर त्याला करायला सांगा. इंटरनेट नसतानाही पट्टी आली, तर ती बहुधा कंपनीची. ‘बहुधा’ अशासाठी, की अ‍ॅप काही नंबरांची यादी फोनमध्ये आधीच साठवून ठेवू शकतं.

दुसरी खूण म्हणजे पट्टीची जागा. कंपनीचा इशारा नावाच्या ओळीत येतो, जणू त्या माणसाचं नावच ते आहे. ट्रूकॉलर स्वतःचा वेगळा चौकोन उघडतं, त्यात बहुधा कोणीतरी ठेवलेलं नावही असतं. गूगलच्या डायलरमध्ये सेटिंग्जमध्ये Caller ID & spam असा भाग आहे. तो बंद केल्यावर पट्टी गेली, तर ती गूगलची होती.

## मोबाइल कंपनी कशावरून ठरवते? ती आमचं बोलणं ऐकते का?

नाही. पट्टी फोन वाजतानाच दिसते. तेव्हा बोलणं सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे ऐकण्यासारखं काही नसतंच. मागच्या कॉलमधलं बोलणंही त्यात धरत नाहीत.

कंपनीकडे प्रत्येक कॉलची नोंद असते: कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबरावर, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या हँडसेटवरून. बिल करायला ही नोंद पूर्वीपासून लागतेच. तीच नोंद आता वेगळ्या नजरेनं पाहिली जाते. म्हणजे माणूस काय बोलतो ते कंपनीला कळत नाही, पण त्याचा नंबर दिवसभर कसा वागतो ते कळतं. या फरकातून पुढचं बरंचसं समजतं.

वागणुकीतल्या कोणत्या गोष्टी संशयाच्या, याचा मुख्य भाग उघड आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले नियम सुधारले आणि कंपन्यांना तीन खुणांवर विशेष लक्ष ठेवायला सांगितलं. एका नंबरावरून नेहमीपेक्षा फार जास्त कॉल जाणं, हे कॉल फार कमी वेळाचे असणं, आणि जाणाऱ्या कॉलच्या मानानं येणारे कॉल अगदी थोडे असणं.

या तीन खुणा एकत्र आल्या तरच अर्थ लागतो. नुसते जास्त कॉल तर लग्नाच्या आठवड्यात मुलीचे वडीलही करतात. पण त्यांचे कॉल लांबतात आणि लोक त्यांना उलट फोन करतात. कर्ज विकणाऱ्याला उलट फोन कोणी करत नाही. माझ्या मते तिन्हींत ही तिसरी खूण सगळ्यांत बोलकी. कॉल किती करायचे हे माणसाच्या हातात असतं, पण लोकांनी त्याला आपणहून फोन करावा हे त्याला घडवून आणता येत नाही.

एअरटेलनं आपल्या यंत्रणेबद्दल सांगितलं आहे ते असं: ती सुमारे २५० बाबी पाहते, दिवसाला २५० कोटी कॉल तपासते आणि प्रत्येकाचा निर्णय २ मिलिसेकंदांत देते. सतत बदलणारा आयएमईआय, म्हणजे एकच सिम या हँडसेटमधून त्या हँडसेटमध्ये फिरत राहणं, हीही त्यातली एक खूण. बाकीच्या बाबी आणि कोणत्या बाबीला किती वजन, हे कंपन्या मुद्दाम गुप्त ठेवतात. ‘दिवसाला ८० कॉलनंतर पट्टी’ असं जाहीर केलं, तर उद्यापासून सगळे ७९ वर थांबतील.

## एखाद्या प्रामाणिक माणसाच्या नंबरावर ही पट्टी कशी येते? एक उदाहरण सांगाल का?

देवगडकडचे एक आंबा बागायतदार माझ्या ओळखीचे आहेत. पुण्या-मुंबईतल्या घरांना ते थेट पेट्या पाठवतात. जुन्या गिऱ्हाइकांची वही आहे, त्यात सहाशे-सातशे नंबर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिली तोड झाली की ते आणि त्यांचा पुतण्या वही उघडून बसतात.

त्यांच्या एका दिवसाचा हिशोब आम्ही फोनवरच्या नोंदीतून मांडला. सकाळी दहा ते दुपारी दोन, एका सिमवरून साधारण १४० कॉल. त्यातले पन्नासेक कोणी उचललेच नाहीत. सत्तर जणांनी ‘मीटिंगमध्ये आहे’, ‘यंदा मधुमेह निघालाय’, ‘भाव उतरला की सांगा’ असं म्हणून वीसेक सेकंदांत ठेवले. उरलेल्या वीस जणांशी अडीच-तीन मिनिटं बोलणं झालं, आणि धंदा त्या विसांतच झाला. दिवसभरात त्यांना उलट आलेले कॉल सात.

आता वही बाजूला ठेवा आणि हेच मोबाइल कंपनीच्या बाजूनं पाहा. चार तासांत १४० वेगवेगळे नंबर. उचललेल्या नव्वद कॉलांपैकी सत्तर वीस सेकंदांत संपलेले. जाणारे वीस कॉल झाले की येणारा एक. मार्चअखेरपर्यंत याच सिमवरून दिवसाला आठ-दहा कॉल व्हायचे, तेही घरच्यांना आणि बाजारातल्या दोन-चार लोकांना. पतसंस्थेचं कर्ज विकणारी मुलगी आणि आंबेवाले काका यांच्यात आकड्यांपुरता काहीच फरक उरत नाही. ‘काका, दोन डझन पाठवा’ हे वाक्य नोंदीत नसतं. तिथे फक्त १६० सेकंद असतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकानं सांगितलं, ‘तुमचा नंबर स्पॅम दाखवतोय हो.’ आणि इथून चक्र उलटं फिरायला लागलं. पट्टी दिसली की लोक उचलत नाहीत. उचलत नाहीत म्हणून काका पुन्हा करतात, कॉलांची संख्या वाढते आणि आकडे आणखी वाईट दिसतात.

मग पुतण्यानं दोन उपाय केले आणि दोन्ही अंगाशी आले. त्यानं तेच सिम आपल्या हँडसेटमध्ये टाकून पाहिलं, मग पुन्हा काकांच्या. वर सांगितलेली आयएमईआयची खूण त्यानं अशी आपणच तयार केली. त्यानंतर नवं सिम आणलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरून शंभर कॉल केले. काल जन्मलेला नंबर आज शंभर अनोळखी लोकांना फोन करतो, याहून संशयास्पद वागणूक शोधून सापडायची नाही.

उपयोग झाला तो साध्या गोष्टीचा. त्यांनी गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवली: ‘पहिली पेटी तयार आहे, हवी असेल तर फोन करा, आणि हा नंबर नावानं सेव्ह करून ठेवा.’ ज्यांना हवी होती त्यांनी फोन केले. येणारे कॉल वाढले, जाणारे तिसऱ्या हिश्श्यावर आले आणि जे बोलणं झालं ते लांबलं. दोनेक आठवड्यांत पट्टीची तक्रार थांबली. तोवर हंगामाचा पहिला भाव मात्र हातचा गेला होता.

## म्हणजे काकांवर अन्याय झाला?

अर्धा. नियमाच्या भाषेत साध्या दहा आकडी नंबरावरून माल विकण्यासाठी एकगठ्ठा कॉल करणं हे नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरचं काम ठरतं, मग माल हापूस असो की विमा. त्यासाठी नोंदणी करून १४० नं सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. सातशे गिऱ्हाइकांच्या बागायतदाराला हे परवडणारं नाही हे खरं. पण उद्या कोणी तक्रार केली, तर ‘मी आंबे विकत होतो’ हे उत्तर पुरणार नाही.

सुधारलेल्या नियमांत मर्यादाही कडक झाली आहे. दहा दिवसांत एका नंबराविरुद्ध पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी आल्या की कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी जाणारे कॉल पंधरा दिवस बंद, पुन्हा घडलं तर वर्षभरासाठी जोडणीच तोडली जाते. पट्टी ही यातली शिक्षा नाही. ती फक्त उचलणाऱ्याला दिलेली सूचना असते.

## ट्रूकॉलरची लाल पट्टी कशावर ठरते?

मुख्यतः लोकांनी दाबलेल्या बटणांवर. तुम्ही एखादा नंबर ब्लॉक करून ‘स्पॅम’ निवडलं की ती नोंद अ‍ॅपच्या साठ्यात जाते आणि पुरेशा नोंदी जमल्या की इतरांना तो नंबर लाल दिसतो. बऱ्याचदा किती जणांनी तक्रार केली तो आकडाही खाली असतो. तो जरूर वाचावा. तीन आणि तीन हजार यांत फरक आहे, पण लाल रंग दोन्हींना तोच.

ही एका अर्थानं गावच्या पारावरची माहिती आहे. वेगानं पसरते, बरेचदा खरी असते, आणि कोणी आकस काढला तर तोही तीत मिसळतो. लोक ‘स्पॅम’ दाबतात तेव्हा त्यांच्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात: हा ठग आहे, हा विक्रेता आहे, हा वसुलीवाला आहे, किंवा हा माणूसच मला नको आहे. बटण सगळ्यांना एकच. सोसायटीची थकबाकी मागणाऱ्या सेक्रेटरीच्या नंबरावर लाल पट्टी आलेली मी पाहिली आहे, आणि ती लावली कोणी हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

## एकाच नंबराला माझ्या फोनवर पट्टी येते आणि बायकोच्या फोनवर येत नाही. असं का?

तुमची कंपनी वेगळी असेल, अ‍ॅप वेगळं असेल, किंवा तिनं तो नंबर सेव्ह केलेला असेल. सेव्ह केलेलं नाव बहुतेक फोनवर पट्टीच्या वर जातं. पट्टी त्या नंबरावर गोंदलेली नसते. प्रत्येक कॉलला, तो घेणाऱ्याच्या बाजूनं, ती नव्यानं ठरते.

## पट्टी आली नाही म्हणजे कॉल खरा समजायचा का?

अजिबात नाही. या पानावरचं एकच उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवायचं असेल, तर हे दाखवा.

पट्टी पकडते ती घाऊक त्रास. आपण वर पाहिलेल्या खुणा आठवा: खूप कॉल, छोटे कॉल, उलट फोन नाही. आता ‘डिजिटल अरेस्ट’वाला कसा वागतो ते पाहा. तो पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगतो, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय म्हणतो आणि मग तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, एकाच माणसाला फोनवर धरून ठेवतो. थोडेच नंबर, लांबच लांब बोलणं, आणि घाबरलेला माणूस त्याला स्वतःहून उलट फोनही करतो. तिन्ही खुणा बरोबर उलट्या. वागणुकीचे आकडे पाहिले तर हा ठग जिव्हाळ्याच्या नातेवाइकासारखा दिसतो. पुढचं बोलणं व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपवर गेलं, तर तेवढंही मोबाइल कंपनीच्या नोंदीत उरत नाही.

दुसरं कारण नव्या सिमचं. पट्टी लागायला आधी वागणूक घडावी लागते. पहिले काही कॉल कोरेच जातात, आणि खोट्या कागदांवर घेतलेली सिमं दोन दिवस वापरून फेकणाऱ्याला तेवढे पुरतात.

एक दार मात्र पुष्कळसं बंद झालं आहे. परदेशातून कॉल करून पडद्यावर भारतातला +९१ चा नंबर दाखवणं पूर्वी सर्रास चालायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं असे कॉल सीमेवरच अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचं तेव्हा जाहीर झालं. हे कॉल तुमच्या फोनपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे त्यांना पट्टी लागण्याचा प्रश्नही येत नाही.

## १४० आणि १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांचं काय?

१४० म्हणजे नोंदणीकृत जाहिरातीचा कॉल. १६०० ची मालिका बँका, विमा, शेअरबाजाराशी संबंधित संस्था आणि सरकारी खाती यांच्या सेवेच्या कॉलांसाठी राखलेली आहे, म्हणजे व्यवहाराची खात्री करण्यासारख्या कामासाठी. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याचा नंबर ९८ किंवा ७० नं सुरू होत असेल, तर पट्टी असो-नसो, संशय घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

## आता पडद्यावर नावही येतं. नाव दिसलं की निश्चिंत व्हायचं?

ते नाव वेगळ्या ठिकाणाहून येतं. सिम घेताना जो अर्ज भरला त्यावरचं नाव कॉलबरोबर दाखवावं, अशी शिफारस ट्रायनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. सीएनएपी नावानं ती सेवा टप्प्याटप्प्यानं येते आहे. ट्रूकॉलरवरचं नाव लोकांनी ठेवलेलं असतं, हे नाव कागदपत्रावरचं असतं.

कागदपत्रावरचं नाव म्हणजे बोलणारा माणूस नव्हे. आपल्याकडे अर्ध्या घरांत मुलांची सिमं वडिलांच्या नावावर असतात. कॉलेजातल्या मुलीचा फोन आला आणि पडद्यावर ‘दत्तात्रय’ दिसलं, तर दचकू नका. उलट भाड्यानं किंवा फसवून घेतलेल्या सिमवर एखाद्या भल्या माणसाचं नाव झळकेल. नाव आणि पट्टी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक सांगते सिम कोणाच्या नावावर, दुसरी सांगते नंबर वागतो कसा.

## माझ्याच नंबरावर पट्टी येते असं लोक सांगतात. ती काढायची कशी?

आधी कोणाची आहे ते शोधा. चार ओळखीचे फोन निवडा ज्यांत तुमचा नंबर सेव्ह नाही. दोन एका कंपनीचे, दोन दुसऱ्या, आणि प्रत्येक जोडीतल्या एकावर ट्रूकॉलर नसावं. चौघांना कॉल करून पडद्याचा फोटो मागवा. एकाच कंपनीच्या दोन्ही फोनवर आली, तर ती कंपनीची. दोन कंपन्यांच्या फक्त ट्रूकॉलरवाल्या फोनांवर आली, तर ट्रूकॉलरची. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता ग्राहक सेवेला फोन लावला, तर बहुधा ‘आमच्याकडून काही नाही’ हेच ऐकून परत याल.

अ‍ॅपची असेल तर अ‍ॅपकडेच दुरुस्तीची विनंती करता येते, आणि ओळखीच्या लोकांनी कॉलच्या नोंदीत जाऊन ‘स्पॅम नाही’ असं कळवलं तर त्याचा उपयोग होतो. गूगलच्या डायलरमध्येही तशी सोय आहे: आलेल्या कॉलवर बोट दाबून धरायचं आणि स्पॅम नसल्याचं सांगायचं.

कंपनीची असेल तर पट्टी ज्या कंपनीच्या ग्राहकांना दिसते तिच्याकडे तक्रार करा, तुमचं सिम तिचं नसलं तरी. पण तेवढ्यावर थांबू नका. तिथे हिशोब रोज नव्यानं होतो, त्यामुळे वागणूक बदलल्याशिवाय तक्रारीचा उपयोग तात्पुरता. आंबेवाल्या काकांनी केलं ते करा: जाणारे कॉल कमी, येणारे जास्त.

## नंबर मी गेल्याच महिन्यात घेतला, एकही जादा कॉल केला नाही. तरी पट्टी?

मग तो नंबर तुमच्याआधी कोणाचा तरी होता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो पुन्हा विक्रीला येतो. मोबाइल कंपनीच्या हिशोबातून जुनी वागणूक एवढ्यात विरते, पण लोकांनी अ‍ॅपवर केलेल्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत. आधीच्या मालकानं थकवलेल्या कर्जाचे वसुलीचे कॉलही याच वाटेनं तुमच्या वाट्याला येतात. सिम नुकतंच घेतलं असेल आणि कुठे दिलं नसेल, तर भांडण्यापेक्षा दुसरा नंबर घेतलेला बरा.

## मी ‘स्पॅम’ दाबलं म्हणजे सरकारकडे तक्रार झाली का?

नाही. ती नोंद त्या अ‍ॅपपुरती. ब्लॉक तर त्याहून लहान, फक्त तुमच्या फोनपुरता. वर सांगितलेल्या पाच तक्रारींत गणना व्हायची असेल, तर १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधून तक्रार करावी लागते. कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत, नंबर, तारीख आणि दोन शब्दांत विषय सांगून. फसवणुकीचा प्रयत्न असेल, तर सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो कळवायची ‘चक्षू’ नावाची सोय आहे. पैसे गेलेच असतील तर यातलं काहीही करत बसू नका, थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

## मुलगा अमेरिकेत आहे. तिकडे Scam Likely दिसतं ते हेच का?

सारखं, पण त्याच्या खाली आणखी एक थर आहे. Scam Likely हे शब्द टी-मोबाइल या कंपनीचे, २०१७ पासूनचे. तिथेही कॉलची वागणूक आणि तक्रारी पाहिल्या जातात. त्याशिवाय ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक कॉलबरोबर एक डिजिटल सही पाठवावी लागते. तिच्या तीन पायऱ्या आहेत. ‘ए’ म्हणजे हा ग्राहक आमचा आणि हा नंबर त्याचाच. ‘बी’ म्हणजे ग्राहक आमचा, नंबराची खात्री नाही. ‘सी’ म्हणजे कॉल आमच्या दारातून आत आला एवढंच आम्हाला ठाऊक.

पुण्याहून केलेला कॉल अमेरिकेच्या दारात असा तिसऱ्या पायरीनं शिरतो, कारण तिथल्या कंपनीला पुण्यातल्या ग्राहकाची ओळख पटवण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे आईच्या कॉलवर खात्रीची खूण दिसत नाही. याचा अर्थ तो स्पॅम ठरतो असा नव्हे. आणि ‘ए’ सही असलेला माणूस ठग नसेल असाही नव्हे. सहीतून नंबर खरा आहे एवढंच कळतं, हेतू कळत नाही.

## दवाखान्याचा, कुरिअरचा कॉल पट्टीमुळे चुकेल अशी भीती वाटते. काय करावं?

भीती खरी आहे. पॅथॉलॉजी लॅब, कुरिअर, गॅस एजन्सी यांचे कॉल आंबेवाल्या काकांच्याच साच्यात बसतात: दिवसभर नवे नंबर, वीस सेकंदांचं बोलणं, उलट फोन नाही. म्हणून यांच्यापैकी कोणाची वाट पाहत असाल, तेव्हा पट्टीकडे दुर्लक्ष करून उचला आणि गप्प राहा. खरा माणूस आधी स्वतःचं काम सांगतो: ‘रक्ताचा नमुना घ्यायला आलोय, कितवा मजला?’ ठगाला आधी तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, ओटीपी, कार्डाचा नंबर, निदान एक ‘हो’. डायलरच्या सेटिंग्जमध्ये Filter spam calls चालू असेल, तर असे कॉल वाजतच नाहीत, गुपचूप नोंदीत जाऊन बसतात. आईचा रिपोर्ट यायचा असेल त्या आठवड्यात ते बंद ठेवा.